प्लॅन पक्का करण्याआधी टन नव्हे, बॉक्स मोजा: फाउंड्रीतलं एस अँड ओपी

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. मार्केटिंग म्हणतं जानेवारीत ८२८ टन द्यायचेत. प्रॉडक्शन म्हणतं जमणार नाही. अकाउंट्स म्हणतं एवढा माल उचलायला पैसे नाहीत. प्लॅन २५ तारखेला पक्का होतो आणि पुढच्या १० तारखेपर्यंत तीनदा बदलतो. एस अँड ओपी लावून हे थांबतं का? नेमकं काय करायचं आणि कोणत्या तारखेला?

उत्तर:

एस अँड ओपी म्हणजे विक्री, उत्पादन आणि पैसा यांचा दर महिन्याला एकत्र बसून केलेला एकच प्लॅन. त्याने हे थांबतं, पण आधी एक गोष्ट करावी लागते. तिन्ही खात्यांनी एकाच एककात बोलायला हवं, आणि ते एकक टन नसावं. मार्केटिंग ऑर्डर नगांत घेतं, प्रॉडक्शन टनांत बोलतं आणि अकाउंट्स रुपयांत. कारखाना मात्र अडतो तो वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनवर, म्हणजे साच्यांच्या बॉक्सांवर. मागणी बॉक्सांत उतरवली की भांडणाचा अर्धा भाग तिथेच मिटतो, कारण मग वाद मतांचा राहत नाही, हिशेबाचा होतो.

तुमचे नेमके पार्ट मला माहीत नाहीत. म्हणून तुमच्या ८२८ टनांचंच एक नमुना उदाहरण मांडतो. आकडे तुमच्या लाइनप्रमाणे बदला, पायऱ्या त्याच राहतील.

समजा एक हाय प्रेशर मोल्डिंग लाइन आहे. कागदावर ती ताशी ६० बॉक्स देते, पण पॅटर्न बदल, वाळूची अडचण आणि धातूची वाट पाहणं धरून प्रत्यक्षात ४८ मिळतात. प्लॅनमध्ये ४८ च धरायचे. मशिनच्या पाटीवरचे ६० धरून केलेला प्लॅन पहिल्याच आठवड्यात मागे पडतो. दोन पाळ्यांत निव्वळ १५ तास मिळतात. जानेवारीतल्या पाच साप्ताहिक सुट्ट्या आणि २६ जानेवारी वजा केल्यावर २५ दिवस उरतात. १५ गुणिले २५ म्हणजे ३७५ तास, आणि ताशी ४८ प्रमाणे १८,००० बॉक्स. महिन्याची खरी क्षमता एवढीच.

आता मागणी बॉक्सांत उतरवू:

| माल | मागणी (नग) | एका नगाचं वजन | एका बॉक्सात नग | रिजेक्शन | लागणारे बॉक्स |
|---|---|---|---|---|---|
| ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन हाउसिंग | ५,७०० | ६० किलो | १ | ५% | ६,००० |
| ट्रकचा ब्रेक ड्रम | ६,७९० | ४५ किलो | १ | ३% | ७,००० |
| पंप केसिंग | ७,५२० | १५ किलो | २ | ६% | ४,००० |
| एक्सपोर्ट ब्रॅकेट (एसजी) | ११,२८० | ६ किलो | ४ | ६% | ३,००० |

बेरीज २०,००० बॉक्स. वजनात तीच मागणी ८२८ टन होते. गेल्या महिन्यात याच लाइनने वजनदार मालावर ८५० टन काढले असतील, तर मार्केटिंगला वाटणारच की ८२८ सहज बसतील. पण तेव्हा एका बॉक्समागे सरासरी ४७ किलो चांगला माल निघाला होता, या महिन्याच्या मिश्रणात तो ४१ किलोच निघणार आहे. टनांत २२ टन मोकळे दिसतात, बॉक्सांत २,००० कमी पडतात. तुमचं प्रॉडक्शन खातं "जमणार नाही" म्हणतं ते बहुधा खरंच आहे, पण ते टनांत बोलत असल्यामुळे त्यांना ते सिद्ध करता येत नाही.

दुसरा बारकावा असा की जानेवारीत डिस्पॅच होणारा माल सगळा जानेवारीत ओतलेला नसतो. ओतल्यापासून फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, मशिनिंग, पेंट, तपासणी होऊन गाडी भरेपर्यंत मशिन केलेल्या मालाला आठवडाभर सहज लागतो. २३ तारखेनंतर ओतलेलं हाउसिंग त्या महिन्याच्या बिलात येत नाही. वरच्या हिशेबात सुरुवातीचा आणि अखेरचा चालू माल सारखाच धरला आहे. तुमच्याकडे डिसेंबरअखेर लाइनवरचा माल नेहमीपेक्षा कमी राहणार असेल, तर तेवढे बॉक्स मागणीत आणखी वाढतील.

मागणीची बैठक (१५ तारीख)

१२ तारखेपर्यंत पीपीसीने, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या खात्याने, तीन आकडे तयार ठेवायचे: प्रत्येक ग्राहकाचं गेल्या सहा महिन्यांचं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल, आजचा साठा, आणि महिनाअखेर अपेक्षित साठा. १५ तारखेला मार्केटिंग आणि पीपीसी बसतात. इथे क्षमतेचा विषय काढायचा नाही, फक्त खरी मागणी किती एवढंच ठरवायचं. "जमणार नाही" हे वाक्य या बैठकीत आलं की मार्केटिंगची माणसं कपात होणार म्हणून आधीच आकडे फुगवून आणायला लागतात. ती सवय एकदा लागली की पुढच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

गाडीच्या कंपन्यांचं पक्कं शेड्यूल साधारण २५ ते २८ तारखेला हातात पडतं. म्हणजे १५ तारखेला तुमच्याकडे टेंटेटिव्ह आकडाच असतो. म्हणून उचलीचा इतिहास महत्त्वाचा. समजा ट्रॅक्टरच्या ग्राहकाने सहाही महिने टेंटेटिव्हच्या ९० टक्क्यांच्या आसपासच उचल केली आहे. सहापैकी तीन महिने जास्त आणि तीन महिने कमी असती, तर तो नुसता चढउतार म्हणून सोडला असता. सगळे महिने एकाच बाजूला झुकले असतील तर तो कल आहे आणि प्लॅनमध्ये तो धरायलाच हवा. ५,७०० चे ९० टक्के म्हणजे ५,१३०, त्यासाठी ५,४०० बॉक्स. ६०० बॉक्स सुटले.

इथे मार्केटिंग विचारेल की ग्राहकाने खरंच ५,७०० मागितले तर? प्रश्न रास्त आहे. उत्तर राखीव बॉक्सांत आहे, ते पुढे येतं. पण हे ५७० नग "धोका" म्हणून वेगळ्या रकान्यात लिहून ठेवायचे, मागणीतून गुपचूप कापायचे नाहीत.

ब्रेक ड्रमचं दुखणं वेगळं असतं. पुण्या-चाकणकडच्या ग्राहकांसाठी आपण तिकडच्या भाड्याच्या गोदामात माल ठेवतो आणि कोल्हापूरच्या साठ्याच्या कागदावर तो दिसतच नाही, कारण इथून चलन निघालं की स्टोअरच्या लेखी माल गेला. समजा तिथे ठरलेल्या पातळीपेक्षा ९७० ड्रम जास्त पडून आहेत. ६,७९० मधून ते वजा केले तर नवे ५,८२० लागतात, म्हणजे ६,००० बॉक्स. आणखी १,००० सुटले. पंप केसिंग आणि ब्रॅकेटमध्ये असं काही निघालं नाही, तर मागणी आता १८,४०० बॉक्सांवर येते. २,००० ची तूट ४०० वर आली, आणि अजून प्रॉडक्शनने काहीच केलेलं नाही.

पुरवठ्याची बैठक (१८ तारीख)

ही पीपीसी, फाउंड्री, मशीन शॉप, परचेस आणि मेंटेनन्सची. लाइन हा मुख्य अडसर असला तरी दोन ठिकाणी खात्री करायची असते, आणि बहुतेक वेळा ती न केल्यामुळेच प्लॅन दहा तारखेपर्यंत मोडतो.

पहिलं ठिकाण भट्टी. १८,४०० बॉक्सांत कास्टिंगचं वजन ७८६ टन होतं. रनर, रायझरमध्ये जाणारा धातू धरून यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा, ६२ टक्के असेल तर सुमारे १,२७० टन धातू वितळवावा लागेल. भट्टी ताशी ४ टन देत असेल तर ३७५ तासांत १,५०० टन मिळतात. महिन्याचा हिशेब बसला. पण तासाचा बघा. हाउसिंगच्या एका बॉक्समध्ये साधारण ९७ किलो धातू जातो. ताशी ४८ बॉक्स म्हणजे ४.६ टन. सलग हाउसिंग लावलं की भट्टी पुरत नाही आणि लाइन ताशी ४१ वर येते. ब्रॅकेट लावलं की उलट होतं, लाइन पूर्ण वेगात आणि भट्टी निम्मी रिकामी. म्हणून हाउसिंग आणि पंप केसिंग एकाच पाळीत आळीपाळीने लावायचं. दोन्ही ग्रे आयर्न असल्याने धातू बदलावा लागत नाही, आणि दोघांची सरासरी ७६ किलोच्या आसपास येते, म्हणजे ताशी ३.७ टन. ब्रॅकेट एसजी, म्हणजे ग्रे आयर्नपेक्षा वेगळ्या ओतीव लोखंडाचं, असल्याने त्याला वेगळे दिवसच द्यावे लागतात. त्याची हाउसिंगशी जोडी लागत नाही. हा क्रम प्लॅनमध्ये लिहिलेला नसेल तर पाळीचा सुपरवायझर सोयीने सलग एकच पॅटर्न चालवतो. त्याची चूक नाही, पॅटर्न बदल कमी ठेवायला आपणच त्याला सांगितलेलं असतं.

दुसरं ठिकाण मशीन शॉप. हाउसिंगला एचएमसी या मशिनिंगच्या मशिनवर १० मिनिटं लागतात आणि दोन मशिनं आहेत असं धरू. दिवसाला २० तास, २५ दिवस, ८५ टक्के उपयोग म्हणजे दोन्हींचे मिळून ८५० तास. ५,१३० नगांना ८५५ तास लागतात. पाच तास एका सुट्टीच्या दिवशी काढता येतात. पण मूळचे ५,७०० धरले असते तर ९५० तास लागले असते. म्हणजे फाउंड्रीने जीव काढून ओतलेली ६०० हाउसिंग मशीन शॉपच्या दारात पडून राहिली असती. टनांच्या अहवालात ती "उत्पादन" म्हणून मोजली गेली असती आणि फाउंड्रीला शाबासकीही मिळाली असती.

माणसांचं कॅलेंडरही याच बैठकीत बघायचं. चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला स्थानिक कामगार रजेवर असतात. होळी आणि छटपूजेला फेटलिंगमधले परप्रांतीय कामगार गावी जातात. जानेवारीला ही अडचण नाही, पण पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज याच कागदावर असायला हवा, म्हणजे मार्चच्या वर्षअखेरीची ओढ आणि होळीची गैरहजेरी एकाच वेळी आली तर ती डिसेंबरमध्येच दिसते.

बैठकीतून "४०० बॉक्स कमी" एवढंच घेऊन उठायचं नाही, पर्याय घेऊन उठायचं. या उदाहरणात दोन खरे पर्याय आहेत. एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण कारखाना चालवणं, त्यातून ७२० बॉक्स मिळतील. किंवा एखाद्या मालाचा काही भाग पुढे ढकलणं.

पैशाची बाजू (२१ तारीख)

अकाउंट्सला या टप्प्यावर आणायचं, शेवटी नाही. त्यांच्याकडून दोन उत्तरं हवी असतात: कपात करायचीच तर कशात, आणि या प्लॅनला पैसा पुरेल का.

पहिल्या उत्तरात बहुतेक कारखाने चुकतात, कारण फाउंड्रीत सगळा नफा किलोवर मोजायची सवय आहे. विक्रीदरातून कच्चा माल, वीज, वाळू-रसायनं, जॉबवर्क आणि रिजेक्शनचा खर्च असे फक्त बदलते खर्च वजा करा. पगार, व्याज, घसारा त्यात घालू नका, कारण ४०० बॉक्स कमी केल्याने ते कमी होत नाहीत. समजा उरलेली रक्कम नगामागे हाउसिंगला १,९००, ड्रमला ९००, पंप केसिंगला ६२० आणि ब्रॅकेटला २१० रुपये आहे. किलोमागे बघितलं तर ड्रम सगळ्यात वाईट, २० रुपये, आणि ब्रॅकेट चांगलं, ३५ रुपये. कोणीही म्हणेल, ड्रम कापा.

आता तेच बॉक्समागे बघा. बॉक्समागे मिळणारे चांगले नग धरून हाउसिंगला १,८०५, पंप केसिंगला साधारण १,१६६, ड्रमला ८७३ आणि ब्रॅकेटला ७९० रुपये येतात. क्रम उलटला. लाइन अडलेली असताना बॉक्स हीच दुर्मिळ गोष्ट आहे, म्हणून कपात करायची तर ब्रॅकेटमध्ये. उद्या अडसर लाइनवरून एचएमसीवर गेला तर हाच हिशेब एचएमसीच्या तासामागे करायचा. किलोचा हिशेब भट्टी अडली असेल तेव्हा उपयोगी पडतो, आणि तोही वितळवलेल्या किलोंवर, विकलेल्या किलोंवर नाही.

हे आकडे ताजे हवेत. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा दर वाढला तर खर्च आजच वाढतो, पण गाडीच्या कंपन्यांकडून दरवाढ बऱ्याचदा तिमाहीनंतर मिळते. तिमाहीच्या जुन्या खर्चावर काढलेला बॉक्समागचा नफा त्या मधल्या काळात फसवा असतो.

पैसा पुरेल का, याचं उत्तर बँकेच्या मर्यादेवर नाही, ड्रॉइंग पॉवरवर मिळतं. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती काढते. साठा आणि येणी यांतून देणी वजा करून, मार्जिन कापून, उरेल तेवढंच वापरता येतं. मार्जिन बहुधा २५ टक्के असतं आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी साधारणपणे धरली जात नाहीत. आता ती मशीन शॉपच्या दारातली ६०० हाउसिंग आठवा. नगामागे ४,५०० रुपये खर्च धरला तर २७ लाख तिथे अडकले. बँकेने तो साठा पूर्ण धरला तरी पावणेसात लाख आपल्या खिशातून गेले. आणि त्यासाठीचं पिग आयर्न अजून उधारीवर असेल, तर तेवढी देणी साठ्यातून वजा होतात आणि ड्रॉइंग पॉवर त्या मालाने वाढतच नाही. "एवढा माल घ्यायला पैसे नाहीत" असं तुमचे अकाउंट्सवाले म्हणतात त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. त्यांनाही ते "मागणी कमी करा" एवढ्याच शब्दांत सांगता येतं. पण खरा उपाय विक्री कमी करण्यात नाही, न विकला जाणारा माल न ओतण्यात आहे.

पूर्वी अशी चणचण जॉबवर्कवाल्यांचं पेमेंट लांबवून भागवली जायची. आता तेही अवघड आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी होतो. शिरोली, गोकुळ शिरगावमधली तुमची बहुतेक मशिनिंगची शेड याच वर्गात येतात. म्हणून अकाउंट्सने प्लॅनसोबत आठवड्यानिहाय येणं-देणं मांडायचं. महिन्याच्या बेरजेत सगळं बसतं आणि तिसऱ्या आठवड्यात पगार, वीजबिल आणि जॉबवर्क एकत्र आले की खातं कोरडं पडतं.

आता पर्याय रुपयांत मांडू. सुट्टीच्या दिवशी कारखाना चालवला तर दुप्पट दराचा ओव्हरटाइम आणि बाकीचा जादा खर्च मिळून समजा १ लाख ६० हजार. त्यातून ४०० बॉक्सांची तूट भरते, म्हणजे सगळ्यात कमी दराने धरलं तरी ३ लाख १६ हजार वाचतात. शिवाय ३२० बॉक्स राखीव उरतात. ते हाउसिंगला वापरले तर ३०४ नग, म्हणजे ५७० च्या धोक्यातला निम्म्याहून जास्त भाग झाकला गेला. मात्र त्या जादा हाउसिंगला आणखी ५० तास एचएमसी लागेल. ते बाहेरच्या कोणत्या शेडमधून करून घ्यायचं हे आत्ताच विचारून ठेवायचं.

दुसरा पर्याय ब्रॅकेट कापण्याचा. कागदावर ४०० बॉक्सच कापायचे आहेत, म्हणजे ९ टन. पण ब्रॅकेट कंटेनरने जातं. ६८ टन म्हणजे २० फुटी तीन कंटेनर, प्रत्येकी साडेबावीस टनांच्या आसपास. ९ टन काढले की तिसरा कंटेनर अर्धवट जातो आणि भाडं पूर्णच लागतं. तेव्हा खरा पर्याय एक अख्खा कंटेनर पुढे ढकलण्याचा. त्याने १,००० बॉक्स सुटतात, पण ७८० रुपये नगाने सुमारे २९ लाखांचं बिल महिनाभर लांबतं, आणि फेब्रुवारी १,००० बॉक्सांच्या थकबाकीने सुरू होतो. तोही २८ दिवसांचा महिना. या उदाहरणात मी सुट्टीचा दिवस चालवणं निवडेन. ट्रॅक्टरची उचल ९० टक्क्यांच्याही खाली जाण्याची चिन्हं असती तर जादा दिवस घेतलाच नसता.

मालकांसमोर (२४ तारीख) आणि फ्रीझ (२५ तारीख)

मालकांसमोर एकच पान ठेवायचं: बॉक्स, डिस्पॅच, रुपये, दोन पर्याय आणि तिघांची एकमताची शिफारस. एकमत झालं नसेल तर नेमकं कशावर नाही तेवढं. एका तासात निर्णय व्हायला हवा. या बैठकीत नवा आकडा आणायची कोणालाच मुभा नको. मालकांनी फोनवर एखाद्या ग्राहकाला शब्द दिला असेल तर तोही १५ तारखेच्या कागदावर यायला हवा होता. कौटुंबिक कारखान्यांत सगळ्यात जास्त प्लॅन इथेच मोडतात, आणि हे मालकांना नम्रपणे पण स्पष्ट सांगणं हे प्लांट हेडचं काम आहे.

मार्केटिंगच्या मूळ ८ कोटी ७४ लाखांच्या जागी आता ८ कोटी ३७ लाखांची विक्री मांडली जाईल. मालक नाराज होतील. त्यांना दाखवायचं की ३७ लाखांचा फरक पूर्णपणे त्या ५७० हाउसिंगचा आहे, आणि त्यातल्या ३०४ साठी बॉक्स राखून ठेवलेत.

सुट्टीचा जो दिवस चालवायचा तो दुसऱ्या आठवड्यातला घ्या, शेवटच्या नव्हे. दुसऱ्या आठवड्यात ओतलेला माल त्या महिन्यात बाहेर पडतो, शेवटच्या आठवड्यातला नाही. त्या दिवशीचं लाइनचं मेंटेनन्स कुठे हलवलं तेही प्लॅनवर लिहा. कामगारांना बदली सुट्टी द्यावी लागते, तो दिवस आधीच ठरवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात अर्धी पाळी अचानक रिकामी दिसेल.

फ्रीझ म्हणजे सगळा महिना दगडासारखा पक्का, असं ठरवलंत तर पहिल्याच महिन्यात नियम मोडेल, कारण पक्कं शेड्यूल फ्रीझनंतर येतं. पहिले दोन आठवडे पार्टनिहाय पक्के ठेवा. कोअर, पॅटर्न सगळं त्याप्रमाणे लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बॉक्सांची बेरीज आणि ग्रे-एसजीचे दिवस पक्के, आत पार्ट बदलता येतील. २८ ला आलेलं शेड्यूल आणि प्लॅन यांतला फरक आधी राखीव ३२० बॉक्सांतून भागवा. त्यापलीकडे बदल हवा असेल तर बॉक्सास बॉक्स: जो वाढवून मागतो त्याने काय काढायचं तेही लिहायचं, आणि मार्केटिंग व प्लांट हेड दोघांची सही. कोअर लागणारा माल वाढवून साधा माल काढला तर बॉक्स जुळले तरी कोअर शॉप अडतं, म्हणून सही करण्यापूर्वी पीपीसीने तेवढं तपासायचं.

राखीव बॉक्स १० तारखेला उघडायचे. तोवर ट्रॅक्टरची उचल प्लॅनच्या वेगाने किंवा जास्त असेल तर हाउसिंगला द्या. कमी असेल तर फेब्रुवारीच्या पंप केसिंगला, जे बॉक्समागे दुसऱ्या क्रमांकाचं आहे आणि ज्याला एचएमसी लागत नाही. ग्राहकाची फेब्रुवारीची ऑर्डर हातात असेल तरच. नसेल तर लाइन बंद ठेवून मेंटेनन्स करणं परवडतं.

पद्धत रुळते आहे की नुसत्या बैठका होताहेत, हे कळायला तीन आकडे पुरतात. पार्टनिहाय प्लॅनची पूर्तता, ज्यात जास्त काढलेला माल कमी पडलेल्याची भरपाई करू शकत नाही. टनांत १०० टक्के आणि पार्टनिहाय ७० टक्के असेल तर लाइन सोपा माल चालवते आहे. ग्राहकनिहाय टेंटेटिव्ह आणि उचलीतला फरक, चिन्हासकट. आणि फ्रीझनंतरचे बदल, प्रत्येकासमोर कारणासह. बहुतेक बदल एकाच ग्राहकाचे निघाले तर त्याच्यासाठी राखीव वाढवा किंवा गोदामातली पातळी वाढवा, सगळ्या कारखान्याचा प्लॅन सैल करू नका. बदल आपल्याच कोअर शॉपमुळे होत असतील तर १८ तारखेच्या हिशेबात कोअर शॉप दुसरा अडसर म्हणून धरायला घ्या.

एक स्थानिक गोष्ट जूनच्या चक्रात हमखास घाला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. तेव्हा माल तयार असूनही गाडी पुण्याकडे जाऊ शकत नव्हती. जुलै-ऑगस्टसाठी ज्या ग्राहकाची लाइन तुमच्या मालावाचून थांबेल, त्याचा आठवडाभराचा माल जूनमध्येच पुण्याच्या गोदामात टाका. त्याचे बॉक्स जूनच्या मागणीत आणि त्याचे पैसे जूनच्या ड्रॉइंग पॉवरच्या हिशेबात धरा. मे महिन्याच्या १५ तारखेच्या बैठकीत ते लिहिलं नाही, तर जूनमध्ये त्यासाठी बॉक्स शिल्लक नसतात.